ओट्यावरून खाणं पळवणारा, डस्टबिन उलथवणारा कुत्रा : महिनाभर बरा, मग पुन्हा तेच. आमच्याकडे गळती कुठे होती ते सांगतो

आमचा टिप्या, वय ३ वर्षं, वजन २४ किलो, लॅब आणि गावठी असं मिक्स. दोन-तीन आठवडे एकदम शहाण्यासारखा वागायचा, आम्हाला वाटायचं चला सुधारला, आणि मग एखाद्या सोमवारी सकाळी किचनमध्ये यावं तर डस्टबिन आडवी, कांद्याची सालं बेसिनपासून देवघरापर्यंत पसरलेली आणि हा सोफ्यामागे शेपूट पायात घालून. मग ओरडा, मग दोन दिवस सगळे झाकाझाक करणार, मग तो पुन्हा बरा, आपण पुन्हा ढिले. असं वर्षभर चाललं. ज्यांच्याकडे पहिल्यांदाच चोरी झालीय त्यांना हे कदाचित जास्त वाटेल, पण ज्यांच्याकडे "थांबतं आणि परत सुरू होतं" असा प्रकार आहे त्यांच्यासाठी मुद्दाम सविस्तर लिहितोय.

आमची आई एक शब्द वापरते, सोकावलाय. सगळा विषय त्या एका शब्दात आहे खरं तर. कुत्रा ओट्यावर पाय टाकतो तेव्हा त्याच्या डोक्यात मालकाला त्रास द्यायचा वगैरे काही नसतं, त्याला तिथे एकदा पोळी मिळालेली असते एवढंच. आणि गंमत अशी की रोज मिळालं असतं तर सवय तोडणं सोपं गेलं असतं, कारण मिळणं बंद झालं की त्याला लगेच कळलं असतं. पण आठ-दहा वेळा काहीच नाही आणि अकराव्या वेळी अख्खी पुरणपोळी, असं झालं की तो लॉटरीचं तिकीट काढणाऱ्या माणसासारखा चिकट होतो. म्हणजे तुम्ही महिन्यातले २९ दिवस कडक राहिलात आणि एक दिवस विसरलात तर सवय मोडत नाही, उलट जास्त घट्ट होते. वर्षभर आम्ही नेमकं हेच करत होतो आणि स्वतःला कडक समजत होतो.

आमच्या डोक्यात प्रकाश पडला तो हुरड्या-भरिताच्या दिवसांत. गावाकडून भरिताची वांगी आली होती, अंगणात तुराट्यांवर भाजली, बडजीत ठेचली, आणि पातीचा कांदा, मिरची, शेंगदाणे घालून भरीत करून आईने पातेलं ओट्यावर ठेवलं, वर ताट झाकलं, आणि सगळे पाहुण्यांना सोडायला गेटपर्यंत गेलो. पाच मिनिटं असतील. परत आलो तर ताट खाली आणि पातेल्यात साहेबांचं तोंड. दोन वाट्या तरी खाल्लं असेल. आता भरीत म्हणजे कांदा आलाच, आणि कांदा-लसूण कुत्र्यांना बाधतो, त्यांच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात त्याने. डॉक्टरांना फोन केला तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, वजन किती आणि कांदा अंदाजे किती. कच्चा कांदा किलोमागे १५ ते ३० ग्रॅम गेला तर रक्तावर परिणाम दिसू शकतो, म्हणजे आमच्या २४ किलोच्या टिप्याला साधारण ३६० ग्रॅमपासून पुढे काळजी. त्याच्या वाट्याला पात फार तर ५०-६० ग्रॅम गेली असेल. म्हणून डॉक्टर म्हणाले, घरीच लक्ष ठेवा, पण एका दिवसाने निर्धास्त होऊ नका, परिणाम दिसायला तीन-चार दिवसही लागतात. रोज हिरड्या बघा, पांढरट पडल्या, लघवी तांबूस-चहासारखी झाली, किंवा जिना चढताना धापा टाकायला लागला तर लगेच घेऊन या. आणि लसूण कांद्यापेक्षा तिखट काम करतो, थोडं थोडं रोज खाल्लं तरी साठत जातं, हेही तेव्हाच कळलं. मिरचीने दोन दिवस पोट बिघडलं, बाकी वाचला.

त्या आठवड्यात बायकोने एक साधी गोष्ट केली. दुधाचा हिशोब लिहायचं जे कॅलेंडर असतं ना किचनमध्ये, त्यावर टिप्याचा हिशोब सुरू केला. त्याला काहीतरी मिळालं की लाल ठिपका, नुसता प्रयत्न केला पण मिळालं नाही तर निळा. कोणावर रागवायचं नाही, फक्त ठिपका द्यायचा. सहा आठवड्यांत लाल ठिपके आले पाच. ऐकायला कमी वाटतात, पण बघा कुठे आले ते. चार ठिपके सोमवारी. रविवारी आमच्याकडे मटण, हाडं रात्री ओल्या कचऱ्यात, आणि घंटागाडी येणार सोमवारी सकाळी सात वाजता. म्हणजे आठवड्यातला सगळ्यात भारी वासाचा कचरा पूर्ण रात्रभर जमिनीवर, अशा डब्यात ज्याचं झाकण नाकाने ढकललं की आत जातं. पाचवा ठिपका गुरुवारचा, आबांच्या ताटाचा. त्यांना गुरुवारी उपवास असतो, संध्याकाळी सोडताना ते टीव्हीसमोर खाटेवर बसून जेवतात, ताट तसंच ठेवून हात धुवायला उठतात. आबांना विचारलं तर म्हणे, "हाऊ कुत्रा नही, चोर शे." आणि दुसऱ्याच मिनिटाला त्याला भाकरीचा तुकडा. असो.

पण पाच चोऱ्यांवर एवढी चिकाटी टिकेल हे काही पटत नव्हतं, निळे ठिपके तर वीस-बावीस होते. म्हणून एक दिवस जुना मोबाईल फळीवर मसाल्याच्या डब्यांमध्ये टेकवून व्हिडिओ चालू ठेवला आणि सगळे खरंच बाहेर गेलो, गाडी स्टार्ट करून कोपऱ्यापर्यंत. हा व्हिडिओ प्रत्येकाने काढावा असं माझं मत आहे. स्कूटरचा आवाज गेल्यावर टिप्या तीन मिनिटं दाराशी झोपून राहिला. मग उठला, अंग झाडलं, सरळ गॅसच्या बाजूच्या टोकाला गेला, मागचे पाय खाली, पुढचे ओट्यावर, हनुवटी कडेला टेकवली आणि चाटायला लागला. आमच्या हिशोबाने ओटा रिकामा होता. पण तिथे पोळ्यांना तूप लावायचं फडकं होतं, सांडशी होती जिला सकाळच्या भाजीचं तेल लागलेलं, आणि मिक्सरच्या खाली शेंगदाण्याचा कूट. हे सगळं त्याने पद्धतशीर साफ केलं आणि मग डस्टबिनकडे गेला. म्हणजे लाल ठिपके पाच नव्हतेच, रोज एक होता. आपल्याला जो ओटा स्वच्छ दिसतो तो कुत्र्याच्या नाकाला भरलेलं ताट असतो. इथे गळती सापडली.

आता काय केलं ते. आधी एक ठरवलं, १४ दिवस त्याला ओट्यावरून आणि डस्टबिनमधून काहीही मिळू द्यायचं नाही, कणभरसुद्धा. ट्रेनिंग नंतर, आधी हे. कारण एका बाजूने शिकवायचं आणि दुसऱ्या बाजूने चोरी फळत राहायची, तर फळणारीच सवय जिंकते.

डस्टबिनचं सांगतो कारण त्यात आम्ही सगळ्यात जास्त पैसे वाया घालवले. पायाने दाबायची पेडलवाली आणली, दोन दिवसांत तो ती आडवी पाडायला शिकला, आडवी पडली की झाकण आपोआप उघडतं. मग तळाशी विटा ठेवल्या, तर झाकणाच्या फटीत नाक घालून वर उचलायला लागला. शेवटी जे चाललं ते घरातच होतं. आईची जुनी छोटी स्टीलची कोठी, धान्याची, वरून दाबून बसणारं झाकण आणि बाजूला कडी. आत पिशवी घालायची, खाली दोन विटा, कडी लावायची. दिसायला जरा विचित्र, पण अजून एकदाही उघडली नाही. ज्यांच्याकडे सिंकखाली कपाट आहे त्यांनी डबा कपाटात ठेवून लहान मुलांसाठी मिळतं ते लॉक बसवावं, तेही चांगलं, फक्त चुंबकाचा साधा कॅच असेल तर पंजाने उघडतो, लक्षात ठेवा. आणि मटणाची हाडं, कोंबडीचे तुकडे, माशाचे काटे यांना आम्ही आता डस्टबिन दाखवतच नाही. एका जुन्या डब्यात घालून थेट फ्रीजरमध्ये, आणि घंटागाडीची घंटा ऐकली की काढून हातात. आईने आधी नाक मुरडलं, फ्रीजमध्ये उष्टं ठेवता म्हणून, मग तिला वेगळा लाल झाकणाचा डबा दिला आणि खालचा कप्पा ठरवून दिला तेव्हा मान्य झालं. शिजवलेल्या हाडाच्या धारदार कपच्या होतात, त्या घशात-आतड्यात लागतात, त्यामुळे हा डबा चोरीसाठी नाही तरी जीवासाठी म्हणून ठेवा. तसंच उन्हाळ्यात आंब्याची कोय आणि पावसाळ्यात दाणे खाऊन उरलेलं मक्याचं कणीस, या दोन गोष्टी कुत्रे अख्ख्या गिळतात आणि आतड्यात अडकतात. पुन्हा पुन्हा उलट्या, खाणं बंद, शी होत नाही, पोटाला हात लावू देत नाही, असं दिसलं तर घरगुती उपाय करत बसायचं नाही, सरळ डॉक्टर. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका, मिठाची स्वतःची विषबाधा होते.

ओट्याचं म्हणाल तर तीन गोष्टी. रात्री झोपताना आणि घर सोडताना फडकं आणि सांडशी ड्रॉवरमध्ये, मिक्सर उचलून खालून पुसायचं, आणि ओटा नुसता पुसायचा नाही, भांड्याच्या साबणाच्या पाण्याने पुसायचा म्हणजे तेलाचा वास जातो. भाकरीची दुरडी फ्रीजवर. दुरडी सरकवली भिंतीकडे की झालं असं आम्हाला वाटायचं, पण टाइल्सवर त्याच्या पंजांचे डाग बघितले तर भिंतीपर्यंत पोचले होते, म्हणजे मागे सरकवण्याला काही अर्थ नाही. आणि किचनच्या दाराला वेल्डरकडून तीन फुटांचं जाळीचं फाटक करून घेतलं, जुन्या घरात ढोरं येऊ नयेत म्हणून असायचं तसं. किचनमध्ये कोणी नसेल तर फाटक बंद. ज्यांच्याकडे ओपन किचन आहे त्यांना हे जड जाणार, त्यांनी कुत्र्याला घरात एकटं सोडताना दुसऱ्या खोलीत ठेवावं, चघळायला काहीतरी देऊन.

हे सगळं केल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी प्रकार वाढला. फाटकावर पंजे, कोठीला धडका, रात्री दोन वाजता कडी वाजवतोय. बायको म्हणाली हे तर उलटंच झालं. नाही, हे व्हायचंच. लिफ्टचं बटण दाबल्यावर लिफ्ट आली नाही तर आपण पण चार वेळा जोरात दाबतो की, मग सोडून जिन्याने जातो. जी गोष्ट चालायची ती अचानक बंद पडली की आधी जोर लावून बघितला जातो. बरेच लोक नेमके इथे हार मानतात, "काही उपयोग नाही" म्हणून फाटक उघडं टाकतात आणि त्या दिवशी त्याला एखादी पोळी मिळाली की तो एवढंच शिकतो की आता जास्त जोर लावायला लागतो. आमच्याकडे हे पाच दिवस चाललं, मग उतरलं.

ते १४ दिवस झाल्यावर चटई. हे ट्रेनिंग मला सगळ्यात आवडलं कारण यात "हे करू नको" नाहीये, "त्याऐवजी इथे बस" आहे. कुत्रा एकाच वेळी चटईवर आडवा आणि ओट्यावर उभा असू शकत नाही, साधी गोष्ट. आम्ही जुनी सतरंजी चार घड्या करून किचनच्या उंबऱ्याच्या आत ठेवली, ओट्यापासून साधारण सहा फुटांवर, तिथून त्याला आई दिसते पण पायात येत नाही. खाऊ म्हणून उकडलेलं चिकन नखाएवढे तुकडे करून, नाहीतर पनीर. शेव देऊ नका, मीठ-मसाला फार असतो. आणि हा खाऊ त्याच्या रोजच्या जेवणातून वजा करायचा, नाहीतर महिन्याभरात गोल होतो.

पहिले दोन दिवस त्याला काहीच म्हणायचं नाही. तो सतरंजीवर पाय टाकेल तेव्हा तुकडा सतरंजीवर, त्याच्या पुढच्या पायांच्या मध्ये. हातातून तोंडात द्यायचा नाही आणि ओट्यावरून उचलून तर अजिबात द्यायचा नाही, आमची आई सुरुवातीला चिरता चिरता गाजर वरून टाकायची, म्हणजे आपणच त्याला शिकवतोय की वरून पडतं. खाऊ कमरेच्या बटव्यात नाहीतर खिशात. पहिल्यांदा दर तीन-चार सेकंदांनी तुकडा, हो, एवढ्या लवकर लवकर. मग तो आपणहून बसायला, आडवा व्हायला लागला की अंतर वाढवायचं, पण चढत्या क्रमाने नाही. पाच सेकंद, मग बारा, मग तीन, मग वीस, मग पाच, असं उलटसुलट. सारखं वाढवतच नेलं तर कुत्र्याला कळतं की हे अवघड होत चाललंय आणि तो उठून जातो. दिवसातून दोनदा, पाच-पाच मिनिटं बास.

मग शब्द लावला, "जागेवर". त्यानंतर अवघड करत नेलं, पण एका वेळी एकच गोष्ट. आधी आईने रिकामा पोळपाट ठेवला. मग रिकामं पातेलं ढवळलं, चमच्याचा आवाज. मग खरी कणीक मळली. मग थंड भाकरी ओट्याच्या मागच्या बाजूला, मग पुढच्या कडेला. दहा वेळांपैकी आठ वेळा तो जागेवर राहिला तर पुढची पायरी, नाहीतर मागची. आमचं अडलं ते फोडणीला. काळ्या मसाल्याची शेवभाजी करायला घेतली की सगळी सतरंजी विसरून साहेब गॅसपाशी, तेव्हा आम्ही पायरी न खाली आणता त्याला ओढून आणायचो, आणि तिथेच फसलो. नंतर फोडणीच्या वेळेला पुन्हा तीन सेकंदाला एक तुकडा सुरू केला, चार दिवसांत बसायला लागला.

याच्या जोडीला "नको". मुठीत तुकडा बंद करून त्याच्यासमोर धरायचा, तो चाटेल, पंजा मारेल, कुरकुरेल, आपण गप्प. ज्या क्षणी तोंड मागे घेतो त्या क्षणी दुसऱ्या हातातला तुकडा द्यायचा. मुठीतला कधीच नाही. मग उघड्या तळहातावर, मग जमिनीवर वाटीखाली, मग पाटावर, मग चौरंगावर, मग स्टुलावर आणि शेवटी ओट्यावर, अशी उंची चढवत नेली. थेट ओट्यावर पुरणपोळी ठेवून "नको नको" ओरडलं तर तो शिकत नाही, फक्त आपला घसा बसतो.

आणि "दे", म्हणजे तोंडात आलेलं सोडणं. चोरी झाली की आपण सगळे त्याच्या मागे धावतो, तोंडात हात घालून ओढतो, आणि त्याला वाटतं पकडापकडी सुरू झाली, नाहीतर वाटतं आपलं हिसकावतायत, लवकर गिळा. आमच्याकडे एकदा प्लास्टिकच्या पिशवीसकट चिकनचं हाड गिळायची वेळ आली होती ती मी मागे धावल्यामुळेच. आता मूठभर खाऊ त्याच्यापासून दूर जमिनीवर फेकतो, तो वेचायला गेला की वस्तू उचलतो. साध्या बॉलवर, चपलेवर रोज दोन वेळा हा व्यवहार केला की खऱ्या वेळेला चालतो. कुत्रा वस्तूवर मान घालून ताठ होत असेल, दात दाखवत असेल, गुरगुरत असेल तर मात्र हात घालू नका, पोरांना लांब करा आणि वागणुकीचं काम करणारा चांगला ट्रेनर बघा, तो वेगळा विषय आहे.

मारण्याबद्दल आणि "गुन्हेगारासारखा चेहरा करतो म्हणजे त्याला कळतं" याबद्दल. हे आम्हालाही वाटायचं. पण २००९ साली अमेरिकेत अलेक्झांड्रा होरोविट्झ या संशोधक बाईंनी यावर प्रयोग केला होता, त्यात दिसलं की तो चेहरा कुत्र्याने खरंच खाल्लंय का यावर अवलंबून नसतो, मालक रागावतोय का यावर असतो, काहीच न केलेल्या कुत्र्यालासुद्धा ओरडलं की तो तसाच चेहरा करतो. म्हणजे तासाभराने येऊन उलथलेल्या डस्टबिनपाशी कान धरून नेलं तर तो एवढंच जोडतो की डस्टबिन आडवी असताना मालक घरी येणं वाईट. चोरी करताना पकडून ठोकला तर शिकतो की मालक समोर असताना चोरायचं नाही. आमचा टिप्या स्कूटरचा आवाज जाईपर्यंत तीन मिनिटं का थांबला होता, याचं उत्तर माझ्याच हातात होतं, गेल्या वर्षीच्या वर्तमानपत्राच्या गुंडाळीत. ओट्याच्या कडेला डबे रचून ते अंगावर पाडायचे, तिखट लावून ठेवायचं, असे सल्ले पण मिळतात. डब्यांच्या आवाजाने शेजारच्यांचा कुत्रा किचनलाच घाबरला, पाण्याचं भांडं किचनमध्ये होतं तर पाणी प्यायला येईना. आणि तिखटाचं म्हणाल तर खान्देशातला कुत्रा भरीत खाऊन बसलाय, त्याला तुमच्या मिरचीचं काय, उलट डोळ्यात गेलं तर हाल.

आता दोन कारणं जी आम्ही आधी बघायला हवी होती. एक, अचानक भूक वाढली असेल, म्हणजे आधी कधी न चोरणारा कुत्रा महिन्याभरात सगळ्यावर तुटून पडायला लागला, पाणी जास्त प्यायला लागला, किंवा खातोय आणि वाळतोय, तर आधी डॉक्टरकडे, जंत, डायबेटिस, पचनाचे विकार, आणि खाजेसाठी दिलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या, यापैकी काहीही असू शकतं. लॅबवाल्यांनी अजून एक ध्यानात घ्या, २०१६ साली केंब्रिजच्या संशोधकांना लॅबमध्ये एक जनुकीय बदल सापडला, साधारण चारातल्या एका लॅबमध्ये तो असतो आणि अशांचं लक्ष जेवणावरून हटत नाही. आमचा अर्धा लॅब आहे, त्यात काय आहे देव जाणे, पण त्याला खादाड म्हणून शिव्या देणं मी सोडलंय.

दुसरं कारण उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळला दुपारी ४५ च्या आसपास जातं, डांबरावर पंजे भाजतात, मग फिरणं बंद, दिवसभर हा कूलरसमोर पडून, रात्री नऊला ताजातवाना आणि घर झोपायला निघालेलं. आमच्या कॅलेंडरवर निळे ठिपके सगळ्यात जास्त मे महिन्यात आले त्याचं हेच कारण. आता पहाटे साडेपाचला फिरवतो, आणि रात्रीचं जेवण ताटलीत न देता जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळून गाठी मारून देतो, वीस मिनिटं हुंगत, सोडवत बसतो. नाकाला काम मिळालं की डस्टबिनची ओढ कमी होते, आणि हे जेवण आईच्या स्वयंपाकाच्या अर्धा तास आधी द्यायचं, उपाशी कुत्र्यासमोर फोडणी करून त्याला संयम शिकवू नये. गच्चीवर वाळत घातलेले बिबडे-पापड हा मात्र सुटलेला प्रश्न नाही, तिथे जिन्याचं दार बंद हेच ट्रेनिंग.

बारा आठवडे झाले. सतरंजीवर तो आता आईच्या पूर्ण स्वयंपाकभर असतो, मधे मधे झोपतो पण. मग पाठ फिरवून बघितलं, मग उंबऱ्याबाहेर एक सेकंद, तीन सेकंद, दहा, असं करत दीड मिनिटापर्यंत आलो. त्यापुढे नाही. दोन मिनिटांना व्हिडिओत नाक वर जायला लागतं, आणि नाक वर गेलं म्हणजे आपण घाई केली, पंजा वर जायची वाट बघायची नाही. आपण समोर असताना जे शिकतो ते आपण नसताना आपोआप लागू होत नाही, हे मी आता मान्य केलंय, म्हणून फाटक आणि कोठी कायमची. लाल ठिपके या बारा आठवड्यांत दोन. एक आखाजीला, घर पाहुण्यांनी भरलेलं, कोणीतरी फाटक उघडं ठेवलं आणि सांजोऱ्यांचं ताट गेलं. त्यानंतर आठवडाभर पुन्हा निळे ठिपके वाढले, एका ताटाचं काही नाही, पण म्हणतात ना म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो, तसं. पुढच्या सणाला आता तो पाहुणे येण्याआधीच गच्चीखालच्या खोलीत, टॉवेलची गाठ देऊन.

दुसरा ठिपका गुरुवारचाच. आबांना आम्ही खाटेजवळ उंच स्टूल दिलंय ताट ठेवायला, आणि भाकरीचा तुकडा द्यायचाच असेल तर सतरंजीवर नेऊन द्या असं ठरलंय. मागच्या गुरुवारी बघितलं तर ताट स्टुलावर, आबा हात धुवायला, आणि टिप्या सतरंजीवर आडवा पडून त्यांच्या परत येण्याकडे डोळे लावून बसलेला. आबा आले, ताटातला तुकडा उचलला, सतरंजीपर्यंत चालत गेले, वाकताना कंबर धरली आणि पंजांच्या मध्ये ठेवला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "उपाशी शे बिचारा."